घड्याळात 112 का दिसतात?

*नमस्कार ताई,*

*वय 41, राहणार नाशिक. चार वर्षं पळते, दोन हाफ झाल्या, येत्या जानेवारीत मुंबईत पहिली फुल मॅरेथॉन पळायची म्हणून नाव नोंदवलं आहे. सप्टेंबरपासून आठवड्याचे किलोमीटर 35 वरून 55 वर नेले. नवरात्राचे नऊ दिवस उपास असतानाही लाँग रन चुकवला नाही. दिवाळीच्या तोंडावर उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. एमआरआयमध्ये ग्रेड 2 ची स्ट्रेस इंज्युरी निघाली. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद केलंय, पाण्यातला व्यायाम चालेल म्हणाले. ग्रुपमधल्या एकाने ॲक्वा जॉगिंग सुचवलं, म्हणून बेल्ट आणला आणि तीन दिवस तलावावर गेले. पोहायला जेमतेम येतं. पंधरा मिनिटांत कंटाळा येतो, कंबर भरून येते, आणि घड्याळात ठोके 112 च्या वर जातच नाहीत. रस्त्यावर माझा हलका रनसुद्धा 140 ला असतो. याने खरंच काही होतं, की नुसतं मनाचं समाधान? आणि जानेवारी जमेल का?*

*– एक धावपटू, नाशिक*

आधी जानेवारीचं सांगते, म्हणजे ते डोक्यातून जाईल आणि पुढचं नीट वाचाल. फुल जमणार नाही. सहा आठवडे संपतील तेव्हा डिसेंबर उजाडलेला असेल, आणि तिथून पुढे पळणं एकेका मिनिटाने वाढवायचं असतं. जानेवारीच्या मध्यावर तुम्ही सलग अर्धा तास विनातक्रार पळत असाल तर ते चांगलं चाललंय असं मी म्हणेन. अर्ध्या तासाच्या हाडावर 42 किलोमीटर लादायचे नसतात. नोंदणीचे पैसे गेले ते गेले.

आता ते 112. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील हाच आहे, कारण त्यात दोन गोष्टी मिसळल्यात. त्यातली एक पाण्याची करामत आहे आणि दुसरी तुमची चूक.

माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला की चहूबाजूंनी पाण्याचा दाब पडतो. खोलीबरोबर दाब वाढतो, त्यामुळे पायांवर तो जास्त असतो आणि पायांतलं रक्त वर छातीकडे ढकललं जातं. हृदय प्रत्येक वेळी जास्त भरतं, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकतं, साहजिकच तेवढ्याच कामाला कमी ठोके लागतात. शिवाय पाणी अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणजे रस्त्यावर घाम काढून अंग थंड ठेवायला हृदयाला जी वेगळी मेहनत पडते तीही वाचते. या सगळ्यामुळे खोल पाण्यात त्याच श्रमाला ठोके साधारण 10 ते 15 ने कमी दिसतात. रस्त्यावरच्या 140 ला तलावातले 125 ते 130 समजा.

तरी तुमचे 112 खालीच राहतात. यातला थोडा वाटा घड्याळाचा असेल. मनगटावरचा सेन्सर उजेड टाकून रक्ताचा प्रवाह मोजतो, आणि त्याच्या नि कातडीच्या मध्ये पाणी शिरलं की तो काहीही दाखवतो. पण कंबर भरून येते असं तुम्ही लिहिलंयत, त्यावरून मला दिसतं ते असं, की तुम्ही पाण्यात पळत नाही, बसताय. बेल्टच्या आधाराने तरंगत, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे पुढे घेऊन सायकल मारताय. नवख्यांपैकी बहुतेक जण हेच करतात. त्यात पायांना काम फार थोडं पडतं आणि तोल सांभाळायचं सगळं ओझं कमरेवर येतं.

पाण्यात पाय सावकाश फिरवला तर जवळजवळ काहीच जोर लागत नाही. मात्र वेग वाढवला की अडथळा सरळ हिशेबाने वाढत नाही. वेग दुप्पट केला तर अडथळा साधारण चौपट होतो. रस्त्यावर हळू पळलं तरी प्रत्येक पावलाला अंगाचं वजन झेलावंच लागतं, म्हणून हळू पळण्यातही कष्ट आहेत. पाण्यात वजन पाणीच झेलतं. तुम्ही पाय जितक्या जोरात आणि जितक्या लांब फिरवाल तेवढंच काम होतं, आळस केला तर काहीच होत नाही. त्यामुळे तलावात 'आज जरा हलकं' म्हणून घालवलेली चाळीस मिनिटं म्हणजे बऱ्याचदा गार पाण्याची आंघोळ असते.

म्हणून पहिला आठवडा ठोके विसरा आणि अंगाची ठेवण सुधारा. आमच्या गावाकडे मुलं विहिरीत पोहायला शिकायची ती पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. पाठीवरचा तो डबा माणसाला पालथा, पोटावर ठेवतो, आणि पोहणाऱ्याला तेच हवं असतं. तुम्हाला नेमकं उलट हवंय, खांबासारखं उभं राहायचंय. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बेल्टचा जाड फोम पाठीमागे असतो, तो तुम्हाला भोपळ्यासारखाच पुढे पाडायला बघतो. यासाठी बेल्ट बेंबीच्या पातळीला, श्वास घेता येईल इतपत पण करकचून आवळा. सैल राहिला तर पाच मिनिटांत बरगड्यांपर्यंत सरकतो, खांदे वर जातात आणि मान धरते. पाण्यात उतरल्यावर आधी एक मिनिट काहीही न करता नुसतं उभं तरंगा. पाणी हनुवटीच्या खाली, कान खांद्यांवर, खांदे खुब्यांवर, आणि पाय सरळ खाली लोंबलेले. ही सरळ रेषा सापडली की अख्खं अंग पुढे किंचित, अगदी किंचित झुकवा. झुकायचं ते घोट्यापासून, कमरेत वाकून नव्हे.

मग पाय. गुडघा पुढे वर घ्यायचा, पण मांडी आडवी होण्याच्या बऱ्याच आधी थांबवायचा. तिथून पाय खाली आणि मागे ढकलायचा, खुब्याच्याही मागे जाईपर्यंत. नवख्यांचं सगळं लक्ष गुडघा वर घेण्यावर असतं, आणि खरं काम तर या मागे ढकलण्यात आहे. ढुंगणाचे आणि मांडीच्या मागचे स्नायू तिथेच लागतात, रस्त्यावर पळताना पुढे नेतात ते हेच. पाय मागे गेल्यावर टाच वर, ढुंगणाकडे येऊ द्या आणि मग पुन्हा गुडघा पुढे. कल्पना अशी करा की पायाखाली एक लांब चटई आहे आणि ती तुम्ही चवड्याने मागे सारताय. हात रस्त्यावर हलतात तसेच, कोपरात वाकवून खांद्यातून, मुठी सैल मिटलेल्या. पंजे उघडून पाणी वल्हवायला लागलात की अंग हातांवर तरंगतं आणि पाय रजेवर जातात.

ठेवण बरोबर आहे की नाही हे कळायला आरसा लागत नाही. बरोबर पळत असाल तर तुम्ही पुढे सरकाल, पण गोगलगायीच्या गतीने. दहा मीटर जायला अर्धं मिनिट लागलं तरी हरकत नाही. जर सरसर पुढे जात असाल तर तुम्ही आडव्या झालाय आणि कुत्र्यासारखं पोहताय. आणि अजिबात न हलता एका जागी वरखाली होत असाल तर गुडघे सरळ वर-खाली चाललेत, मागचं ढकलणं राहिलंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांडीच्या वरच्या भागात, जांघेजवळ दुखेल. पाण्यातून पाय ओढून पुढे आणायची तिथल्या स्नायूंना सवय नसते, म्हणून ते स्वाभाविक आहे. कमरेचं दुखणं मात्र स्वाभाविक नाही. ते सुरू झालं की थांबा, पुन्हा उभं तरंगा आणि नव्याने सुरू करा. (तुमची दुखापत नडगीची आहे हे एका परीने बरं. जांघेचा स्नायू ताणलेल्याला किंवा खुब्याच्या सांध्याच्या दुखण्याला हाच व्यायाम त्रास वाढवू शकतो. तुमचं बघून ग्रुपमधल्या सगळ्या जखमींना तलावावर नेऊ नका.)

'खरंच काही होतं का' याचं उत्तर आता देता येईल. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 11 मुरलेल्या धावपटूंनी चार आठवडे रस्त्यावर पाऊल न ठेवता फक्त खोल पाण्यात सराव केला. आधीच्या आणि नंतरच्या 5 किलोमीटरच्या वेळेत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक अभ्यास सहा आठवड्यांचा होता, त्यातही निष्कर्ष तसाच निघाला. धावपटूंच्या ग्रुपवर ही माहिती फिरते तेव्हा तिची दुसरी बाजू गळून जाते. ही मंडळी जायबंदी नव्हती, आणि ती पाण्यात आठवड्याचे पाच-सहा दिवस, जोराचे टप्पे घेत राबत होती. पंधरा मिनिटं तरंगून हा फायदा मिळत नाही.

ठोक्यांवर भरवसा नाही आणि पाण्यात किलोमीटर नाहीत, मग मोजायचं काय? उजवा गुडघा. तलावाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत 30 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा पुढे आला ते मोजा. रस्त्यावर तुमची पावलं मिनिटाला 170 च्या आसपास पडत असतील, म्हणजे उजवा पाय 30 सेकंदांत 42-43 वेळा. पाण्यात तो आकडा सहज गाठता येत नाही आणि सुरुवातीला गाठायचाही नाही. माझ्याकडे येणाऱ्यांचं ढोबळ मोजमाप असं की 30 च्या आसपास मोजणी येते तेव्हा वाक्यं पूर्ण बोलता येतात, हा झाला हलका जोर. 35 ला बोलणं तुटक होतं, हा मध्यम. 40 ला 'हो', 'नाही' एवढंच निघतं, हा जोराचा. तुमचे आकडे दोन-चारने इकडेतिकडे असतील, ते पहिल्या आठवड्यातच कळतील. फक्त एक पथ्य पाळा. आकडा वाढवण्यासाठी पाऊल आखूड करायचं नाही. पाण्यात पाय नुसते थरथरवून 45 मोजता येतात, त्याचा उपयोग शून्य.

आता सहा आठवड्यांचं. एमआरआयनंतरचे दिवस धरले तर तुमच्या हातात साधारण पाच आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात चार दिवस, प्रत्येकी 20 ते 25 मिनिटं, फक्त ठेवण. एक मिनिट मध्यम, एक मिनिट हलकं, बिघडलं की थांबून सरळ व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस आणि 30 ते 35 मिनिटं. तिथून पुढे आठवड्यात दोन दिवस जोराचे, दोन किंवा तीन दिवस सलग मध्यम, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. रस्त्यावर जितकी मिनिटं पळायचात तितकीच मिनिटं पाण्यात, एवढाच हिशेब ठेवा. लाँग रनच्या तीन तासांची भरपाई मात्र पाण्यात करायला जाऊ नका. एक तास पुष्कळ झाला.

जोराचा दिवस कसा असतो ते एका मंगळवारचं उदाहरण घेऊन सांगते. सार्वजनिक तलावाची बॅच बहुधा 45 मिनिटांची असते. शॉवर, टोपी, बेल्ट यात सहा-सात मिनिटं जातात आणि शिट्टी वाजायच्या आधी बाहेर यावं लागतं, म्हणजे हातात 36 धरा. पहिली पाच मिनिटं हलकं, मोजणी 30. मग चार वेळा 20 सेकंद एकदम जोरात आणि 40 सेकंद हलकं, याने पाय जागे होतात. ही झाली नऊ मिनिटं. मग मुख्य काम. दोन मिनिटं जोरात, मोजणी 38 ते 40, आणि मध्ये फक्त 30 सेकंद हलकं, असं आठ वेळा. ही वीस मिनिटं. शेवटी पाच मिनिटं हलकं. एकूण 34, दोन मिनिटं खिशात.

मधली विश्रांती 30 सेकंदच का, असा प्रश्न पडेल, कारण रस्त्यावर दोन मिनिटांच्या टप्प्यानंतर तुम्ही मिनिट-दीड मिनिट घेत असाल. पाण्यात जोर थांबवला की ठोके फार पटकन खाली येतात. मिनिटभर थांबलात तर पुढचा टप्पा जवळपास शून्यावरून सुरू होतो आणि हृदयाला सलग काम असं मिळतच नाही. पहिल्या मंगळवारी आठ टप्पे पूर्ण होणार नाहीत. पाचव्या-सहाव्याला मोजणी 35 वर घसरेल, तिथे मुख्य काम संपवा. पुढच्या आठवड्यात एक वाढवा. आणि तुमचा कंटाळा बराचसा इथे जातो, कारण दोन मिनिटं मोजण्यात गुंतलेला माणूस कंटाळायला मोकळा नसतो. सलग मध्यम दिवसाचा कंटाळा खरा आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही. मी तेव्हा मनातल्या मनात पाढे म्हणते, तेराच्या पुढचे.

नडगीच्या बाबतीत तलावातही तीन ठिकाणी धोका आहे. पहिला, काठावरून उडी. शिडीनेच उतरायचं आणि शिडीनेच चढायचं. दुसरा, वळताना सवयीने भिंतीला पायाने दिलेला धक्का. हाडाला तो धक्का अगदी जमिनीवरच्यासारखाच लागतो. वळायचं असेल तर पाण्यातच गोल फिरा. तिसरा आणि मोठा धोका म्हणजे उथळ पाणी. सोसायट्यांचे तलाव चार-साडेचार फुटांचे असतात, तिथे बेल्ट बांधूनही चवडा तळाला टेकतो. छातीएवढ्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तर पायांवर वजनाचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भार येतो, आणि पळायला लागलं की त्यात प्रत्येक पावलाचा दणका मिळवायचा. पहिले चार आठवडे हे नको. खोल भागच हवा, पाय कुठेही न टेकणारा. पुढे पळायला सुरुवात करायच्या आधीचा मधला जिना म्हणून छातीएवढं पाणी फार उपयोगी आहे, तेव्हा सोसायटीचा तलाव कामाला येईल.

पोहायला जेमतेम येतं म्हणालात. बेल्ट तरंगवतो, पण तो जीव वाचवायचं साधन नव्हे. बकल सुटू शकतं. म्हणून काठालगतची लेन धरा, हात लांबवला तर कडा हाताशी यावी इतक्या अंतरावर. जीवरक्षकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की पायाला दुखापत आहे, डॉक्टरांनी हे सांगितलंय, मी खोल भागात बेल्ट बांधून उभीच राहणार आहे. न सांगता गेलात तर बऱ्याच तलावांवर 'पोहत नसाल तर उथळ भागात जा' म्हणून हाकलतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवली तर वाद होत नाही. दुपारची बॅच मिळाली तर बघा. गर्दी कमी, बघणारे कमी, आणि नाशिकला डिसेंबरात पहाटेच्या उघड्या तलावात उतरणं ही शिक्षा आहे. निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत गार पाण्यात स्नायू आखडतात, ठोके आणखी खाली जातात आणि ठेवण पहिल्यांदा बिघडते. दात वाजायला लागले तर बाहेर या, सराव अर्धा राहिला तरी.

रोज सकाळी उठल्यावर, पाय जमिनीवर टेकवायच्या आधी, अंगठ्याने नडगीची आतली कड वरून खाली दाबत जा. दुखरी जागा बोटाएवढी आहे की हातभर पसरलेली, कालच्यापेक्षा कमी की जास्त, हे एका वहीत लिहा. पाण्यात असताना त्या जागी कळ आली तर त्या दिवसापुरतं थांबा. काही जणांना पाऊल पुढे आणताना चवडा वर ओढायची सवय असते आणि पाण्याच्या रेट्याविरुद्ध तसं केल्याने नडगीच्या बाजूचे स्नायू दुखतात. पाऊल सैल सोडलं की ते थांबतं. सैल सोडूनही कळ येत राहिली, किंवा चालताना अथवा रात्री झोपेत दुखायला लागलं, तर तलाव बंद आणि डॉक्टरांकडे.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर एवढं लांबवलं तिच्याकडे येते. पाच आठवड्यांनी तुमचं हृदय आणि फुफ्फुसं पळायला तयार असतील. हाड नसेल.

हाड भरून येतं ते रस्ता दुरुस्त करण्याच्या पद्धतीने. आधी खराब झालेला भाग खरवडून काढला जातो, नवं हाड त्यानंतर भरलं जातं, आणि भरलेलं घट्ट व्हायला आणखी वेळ जातो. मधल्या काळात तिथे खड्डा असतो. दुखणं थांबतं ते बरेचदा हा रस्ता पक्का व्हायच्या आधीच. आणि हाडाला मजबूत व्हायला ज्या भाराची सवय लागते तो भार पाणी देऊच शकत नाही. पाण्याचा गुण तोच त्याचा तोटा आहे. पोटऱ्यांचं आणि टाचेच्या मागच्या शिरेचंही तसंच. पाच आठवडे अंगाचं वजन न झेलल्याने त्या ढिल्या पडतात. म्हणून दाबल्यावरचं दुखणं कमी झालं की, डॉक्टरांना विचारून, भिंतीला हात टेकवून टाचा उचलायला सुरुवात करा. दोन्ही पायांवर पंधरा-पंधरा, तीन वेळा, एक दिवसाआड.

यात मी स्वतः कशी फसले ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या पावलातल्या एका लहान हाडाला अशीच चीर गेली होती. पाच आठवडे तलावात इमानाने काढले. परवानगी मिळाल्यावर पहिल्या सकाळी ठरवलं होतं दहा मिनिटं. पण दम लागेना, पाय हलके वाटत होते, ओळखीचा रस्ता होता. आठ किलोमीटर पळून घरी आले आणि सगळ्यांना फोन करून सांगितलं. दोन आठवड्यांत परत तलावावर होते, या वेळी सात आठवडे. तलावावर काहीच केलं नसतं तर पहिल्याच किलोमीटरला धापा टाकत थांबले असते आणि हाड वाचलं असतं. चांगला दम हा त्या दिवशी माझा शत्रू झाला.

तेव्हा परत पळणं सुरू करायच्या अटी दमावर नकोत, नडगीवर हव्यात. एक आठवडाभर रोज 45 मिनिटं भराभर चालून त्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी दुखलं नाही, अंगठ्याने दाबून दुखत नाही, आणि उजव्या पायावर दहा लंगड्या उड्या मारता आल्या, या तिन्ही गोष्टी झाल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला की मगच. पहिला आठवडा एक दिवसाआड, एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. म्हणजे पळण्याची एकूण मिनिटं आठ. हसू येईल, पण हेच. दुसऱ्या सकाळी नडगी गप्प असेल तर पुढच्या वेळी पळण्याचं दीड मिनिट करा, नसेल तर मागच्या पायरीवर. मधल्या दिवशी तलाव चालू ठेवायचा, जोराचा मंगळवारही. दम राखायचं काम अजून काही आठवडे पाणीच करणार आहे, रस्त्याचं काम फक्त हाडाला भार शिकवणं. रस्त्यावरची मिनिटं वाढतील तसे तलावाचे दिवस एकेक करून कमी करा.

शेवटी नवरात्राचं. सहा-सात आठवड्यांत किलोमीटर 35 वरून 55 नेणं हे कारण आहेच, पण त्याच काळात नऊ दिवस उपासाच्या खाण्यावर लांबचे रन काढणं हे मला त्याहून खटकलं. शरीराला लागतं तेवढं खाणं मिळत नसेल तर ते काटकसर करतं आणि हाडांची दुरुस्ती मागे टाकतं. बायकांमध्ये त्याची पहिली खूण बहुधा पाळीत दिसते. गेल्या सहा महिन्यांत पाळी लांबली, चुकली, फार कमी झाली का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण नडगी बघणारे डॉक्टर ते विचारतीलच असं नाही. तुमच्या वयात पाळी बदलायची इतरही कारणं असतात, त्यामुळे तुम्हीच निदान करू नका. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, ऊन भरपूर असूनही आपल्याकडे ते कमी निघणं नेहमीचं आहे. आणि पाण्यात पळतेय म्हणजे 'पळत नाहीये' असं समजून जेवण कमी करू नका. आठ टप्प्यांच्या मंगळवारी भूक रस्त्यावरच्यासारखीच लागेल, तिला भाकरीच द्या.

दोन आठवड्यांनी लिहा. ठोक्यांचा आकडा नको. तिसऱ्या टप्प्यात आणि शेवटच्या टप्प्यात 30 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा आला, आणि सकाळी दाबल्यावर दुखरी जागा केवढी होती, एवढं कळवा. त्यावरून पुढचं सांगते.